डाऊनीचा अंदाज : आर्द्रतेचे तास वेगळे, पानावरच्या ओलाव्याचे तास वेगळे

वनस्पती रोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालात एक वाक्य हमखास असते : ‘आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर आणि पाने आठ तास ओली, त्यामुळे रोगास पोषक हवामान.’ वाक्य चुकीचे नाही, पण त्यावरून कोणत्या रात्री लागण झाली आणि कोणत्या रात्री नाही हे सांगता येत नाही. मग बागाईतदार विचारतो, ‘काल फवारायला हवे होते का?’ आणि आपल्याकडे उत्तर नसते.

हा लेख द्राक्षावरच्या डाऊनीवर, म्हणजे केवड्यावर आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की या रोगात आर्द्रता आणि पानावरचा ओलावा यांची कामे वेगळी आहेत. बुरशीसदृश प्लास्मोपारा व्हिटिकोला पानाच्या खालच्या बाजूला बीजाणू तयार करतो ते दमट हवेच्या जोरावर, आणि ते बीजाणू दुसऱ्या पानात घुसतात ते पाण्याच्या जोरावर. अंदाजाच्या तक्त्यात ही दोन कामे वेगळ्या रकान्यांत आणि योग्य क्रमाने मांडली, तरच अंदाज उपयोगाचा होतो. नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यात गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते. म्हणून पुढचे सगळे त्या दिवसांना धरून आहे.

आधी रोगाची एक रात्र कागदावर मांडा

सेन्सर विकत घेण्याआधी हे करा. डाऊनीचा तेलकट डाग पानावर दिसतो, पण तो डाग स्वतः काही पसरवत नाही. त्याच्या मागच्या बाजूला पांढरी वाढ आली की पसरवतो. ती वाढ म्हणजे पर्णरंध्रातून बाहेर आलेल्या फांद्या आणि त्यांच्या टोकांवरचे स्पोरँजिया. ही वाढ यायला सलग किमान चार तासांचा अंधार, साधारण ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि १३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. उजेडात ती येत नाही, त्यामुळे ढगाळ दिवसभर आर्द्रता ९८ टक्के राहिली तरी या कामासाठी ते तास मोजायचे नाहीत. उत्तम तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास. रात्रीचे तापमान चढेच राहिले तर वाढ कमी येते.

स्पोरँजिया तयार झाले की दुसरे काम सुरू होते. ते पावसाच्या शिंतोड्यांनी किंवा हवेने दुसऱ्या पानावर जातात. तिथे पाण्याचा पातळ थर असेल तर स्पोरँजियम फुटतो, त्यातून झूस्पोर बाहेर पडतात, पाण्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात, तिथे थांबतात आणि आत अंकुर घालतात. झूस्पोरला संरक्षक भिंत नसते. मध्येच पान वाळले तर तो मरतो. यावरून तक्त्याचा एक नियम निघतो : डाऊनीत ओलावा सलग हवा. रात्री तीन तास आणि सकाळी दोन तास असे तुकडे जोडून पाच तास करायचे नाहीत.

लागण व्हायला किती ओलावा पुरतो, हे तापमानावर अवलंबून असते. यासाठी वापरात असलेला सोपा हिशोब अंश-तासांचा : ओलाव्याचे सलग तास गुणिले त्या काळातले सरासरी तापमान. हा गुणाकार ५० च्या आसपास गेला की दुय्यम लागण शक्य मानतात. २० अंशांना अडीच तास, १२-१३ अंशांना चार तास. ऑक्टोबरच्या रात्री नाशिककडे हा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही, हे लक्षात ठेवा.

सफरचंदाच्या स्कॅब रोगाशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. कॉर्नेलच्या मिल्स यांनी १९४४ साली दिलेला तक्ता फक्त ओलाव्याचे तास आणि तापमान यांवर चालतो, कारण गळालेल्या पानांवर स्कॅबचे बीजाणू वसंतात आधीच पिकून तयार असतात. त्या रात्री ते तयार होतील का, हा प्रश्नच नसतो. डाऊनीच्या दुय्यम लागणीत मात्र बीजाणू रोज रात्री नव्याने तयार व्हावे लागतात. मिल्सच्या धर्तीवर डाऊनीचा तक्ता केला तर एक पायरी गळते आणि इशारे भरमसाठ येतात.

प्राथमिक लागणीबद्दल थोडक्यात. युरोपात १० अंश तापमान, १० सेंमी फूट आणि १० मिमी पाऊस असा नियम चालतो. तो कडक हिवाळ्यानंतरच्या पहिल्या लागणीसाठी आहे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये १० अंशांची अट कायमच पूर्ण असते आणि पावसाळाभर जुन्या पानांवर रोग पोसलेला असतो. छाटणीनंतर बागेत आणि शेजारच्या बागांत रोगाचा साठा आहेच असे धरून चालावे. त्यामुळे आपल्या कामाचा भर दुय्यम लागणीवर.

सेन्सर कुठे आणि कसा लावायचा

पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सर हा खरे तर नकली पान असतो. सपाट पट्टीवर तांब्याची जाळी असते आणि पाण्याने विद्युत रोध बदलतो, किंवा डायइलेक्ट्रिक प्रकारात पट्टीभोवतीचा विद्युतगुण बदलतो. पहिल्या प्रकारात जाळी उघडी असेल तर दवाचे बारीक थेंब दोन तारांच्या मध्ये बसतात आणि नोंद कोरडी येते. म्हणून जाळीवर फिकट पांढऱ्या लॅटेक्स रंगाचा पातळ हात देतात. थेंब पसरतो आणि पहिल्या दवालाही सेन्सर जागा होतो. घेताना विक्रेत्याला हे विचाराच.

लावताना पट्टी ४५ अंशांत तिरकी, तोंड उत्तरेकडे. आडवी ठेवली तर पाणी साचून राहते आणि पाने वाळल्यावरही ती ओलीच दाखवते. दक्षिणेकडे केली तर ऊन लागून पानांआधी वाळते. उंची घडांच्या पातळीची. वाय पद्धतीच्या वेलींवर फांद्या दोन्ही बाजूंना उघडत जातात, तिथे एक पट्टी पानोऱ्याच्या आत आणि शक्य असल्यास दुसरी वरच्या उघड्या पानांच्या पातळीवर लावा. निरभ्र रात्री आकाशाला उघडी असलेली वरची पाने लवकर थंड होतात, त्यांच्यावर दव आधी येते. आतली पाने बऱ्याचदा कोरडीच राहतात. एकच पट्टी वर लावली तर दवाच्या रात्री ओलावा फुगवून येतो, एकच आत लावली तर कमी येतो. एकच परवडत असेल तर मी आतली जागा निवडतो, कारण पावसाचे पाणी तिथेच रेंगाळते आणि घडही तिथेच असतात.

आर्द्रता आणि तापमानाचा सेन्सर हवेशीर पांढऱ्या कवचात, त्याच उंचीवर. गावाबाहेरच्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. ठिबक नुकतेच चालले आहे, पानोरा दाट आहे, अशा बागेत रात्रीची आर्द्रता मोकळ्या माळापेक्षा जास्त असते. आणि कृषी हवामान वेधशाळेच्या पारंपरिक नोंदीत आर्द्रतेचे दिवसातून दोनच आकडे मिळतात, एक सकाळचा आणि एक दुपारचा. सकाळचे ९६ टक्के हे रात्रभराचे होते की पहाटेच्या एका तासाचे, ते त्यातून कळत नाही. आपल्याला तर नेमके तेच हवे आहे.

नोंद दर १५ मिनिटांनी घ्या आणि ताशी सरासरी काढा. ओलाव्यासाठी सरासरी नको, त्या तासातली ओली मिनिटे लिहा.

विश्वास ठेवण्याआधी दोन तपासण्या

आर्द्रतेच्या स्वस्त सेन्सरची चूक दोन-तीन टक्क्यांची असते, आणि ती वरच्या टोकाला वाढते. आपली मर्यादा ९५ टक्के म्हणजे नेमकी तिथेच. प्रयोगशाळेत तपासणी अशी करा. हवाबंद झाकणाच्या रुंद बरणीत स्वयंपाकाचे नाही, शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर इतकेच घाला की ओल्या वाळूसारखा लगदा होईल. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. सेन्सर लगद्याला न लागता वर टांगा, झाकण लावा आणि खोलीत रात्रभर राहू द्या. २५ अंशांना आतली हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. दुसऱ्या बरणीत पोटॅशियम सल्फेट घ्या, तिथे सुमारे ९७ टक्के यायला हवेत. पहिल्या बरणीत बरोबर आणि दुसऱ्या बरणीत ९३ असे वाचन येणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून एकाच मिठावर थांबू नका. आलेला फरक लिहून ठेवा आणि आकड्यांत दुरुस्त करा. हंगामाच्या मध्याला पुन्हा तपासा, कारण गंधक आणि तांब्याच्या फवाऱ्याचा थर बसल्यावर सेन्सर सरकतो.

ओलाव्याच्या पट्टीची तपासणी बागेतच होते. पहाटे पाचपासून नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला पट्टीच्या आसपासची वीस पाने पाहा. टिश्यू पेपर हलकेच टेकवा, ओला डाग उठला की पान ओले. पानाची वरची आणि खालची बाजू वेगळी नोंदवा. वीसपैकी निम्मी पाने वाळली ती वेळ आणि पट्टीने ‘कोरडे’ म्हटले ती वेळ, यात अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक सातत्याने दिसला तर पट्टीची ओले-कोरडे ठरवणारी मर्यादा बदला. ही मर्यादा कंपनीने दिलेल्या आकड्यावर सोडू नये. धूळ आणि बोर्डोचा थर बसला की कोरड्या पट्टीचे वाचनही वर चढते आणि ती दुपारी दोन वाजताही ‘ओली’ दाखवते. ऊन असलेल्या दुपारी ओलावा दिसला, की पट्टी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसण्याची वेळ झाली असे समजा.

फवारणीच्या वेळाही लिहून ठेवा. फवाऱ्याने पट्टी भिजते आणि तो ओलावा पावसाचा म्हणून तक्त्यात जातो.

नोंदी लावून घेणे

दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरू नका. ओलावा रात्रीचा असतो, आणि मध्यरात्रीला कापला की दहा तासांची एक रात्र पाच-पाच तासांच्या दोन तुकड्यांत दोन तारखांना जाते. दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा ‘रोगदिवस’ धरा.

दुसरे, घड्याळ तपासा. अनेक लॉगर जागतिक वेळेत नोंद साठवतात, ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. असा तक्ता पाहिल्यावर दव पहाटे तीनच्या सुमारासच वाळलेले दिसते, आणि अंधाराचा रकाना तर पूर्णच चुकतो. ओळखण्याची खूण सोपी : निरभ्र दिवसाचे कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या आसपास यायला हवे. ते सकाळी नऊला दिसत असेल तर आधी वेळ दुरुस्त करा, मग पुढचे गणित.

तक्ता

एक्सेल पुरते. A मध्ये तारीख-वेळ, B तापमान, C दुरुस्त केलेली आर्द्रता, D ओली मिनिटे, E अंधार असेल तर 1 नाहीतर 0. पहिली ओळ शीर्षकांची. मग चार सूत्रे :

```
F2: =IF(AND(E2=1,C2>=95,B2>=13),N(F1)+1,0)
G2: =IF(HOUR(A2)=12,0,IF(F2>=4,1,N(G1)))
H2: =IF(AND(N(G1)=1,D2>=30),N(H1)+B2*D2/60,0)
I2: =IF(AND(N(G1)=1,E2=0,D2>=30),N(I1)+B2*D2/60,0)
```

F मध्ये दमट अंधाराचे सलग तास मोजले जातात, अट मोडली की शून्य. चार तास भरले की G मध्ये 1 येतो, म्हणजे ‘बीजाणू तयार’, आणि तो दुपारी १२ पर्यंत टिकतो. H मध्ये बीजाणू तयार झाल्यानंतरचे अंश-तास साठतात. तासातली ३० पेक्षा कमी मिनिटे ओली असतील तर बेरीज शून्यावर येते, कारण झूस्पोर वाळले असे आपण धरतो.

I रकाना का? स्पोरँजिया मुख्यतः सकाळी, उजाडून आर्द्रता उतरू लागली की सुटतात. वारा नाही, पाऊस नाही अशा रात्री ते डागावरच बसून असतात. म्हणून I फक्त उजाडल्यानंतरचा ओलावा मोजतो. पावसाच्या रात्री H पाहा, नुसत्या दवाच्या रात्री I ला जास्त वजन द्या. दोन्ही रकान्यांत ५० ची रेघ ओलांडली तर लागण झाली असे धरावे.

दोन रात्री शेजारी शेजारी

आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, पण निफाड-दिंडोरीकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला शोभतील असे. थॉमसनची बाग, छाटून एकोणीस-वीस दिवस झाले, सात-आठ पाने. पहिल्या रात्री संध्याकाळी पावसाची एक हलकी सर येऊन गेली आहे.

```
तास   तापमान  आर्द्रता  ओली मिनिटे  अंधार
18    24.1    86       60         0
19    23.0    91       60         1
20    22.2    94       60         1
21    21.6    96       60         1
22    21.0    97       60         1
23    20.5    97       60         1
00    20.1    98       60         1
01    19.8    98       60         1
02    19.5    98       60         1
03    19.2    98       60         1
04    18.9    98       60         1
05    18.7    98       60         1
06    18.6    98       60         0
07    19.4    96       60         0
08    21.8    87       50         0
09    24.5    74       10         0
```

F ची मोजणी २१ च्या ओळीपासून सुरू होते आणि ००च्या ओळीत चार होते. म्हणजे रात्री एकच्या सुमारास बीजाणू तयार. H पुढच्या ओळीपासून चालतो : १९.८, मग ३९.३, मग ५८.५. पहाटे चारपर्यंत ५० पार. आता कडक हिशोब, I रकाना : सहाच्या ओळीत १८.६, सातच्या ओळीत ३८.०, आठच्या ओळीत ५० मिनिटांचे १८.२ मिळून ५६.२. दोन्ही रकाने पार झाले. ही लागणीची रात्र.

संध्याकाळी सहापासूनचे आर्द्रता आणि ओलाव्याचे सगळे तास एकत्र मोजले असते तरी उत्तर तेच आले असते. फरक दुसऱ्या रात्री दिसतो. काही दिवसांनी, आकाश निरभ्र, पाऊस नाही, फक्त दव :

```
तास   तापमान  आर्द्रता  ओली मिनिटे  अंधार
23    18.6    88       40         1
00    18.0    90       60         1
01    17.5    92       60         1
02    17.0    94       60         1
03    16.5    95       60         1
04    16.1    96       60         1
05    15.8    97       60         1
06    15.9    96       60         0
07    17.6    89       60         0
08    20.9    76       15         0
```

ओलावा जवळपास नऊ तास. नुसते ओलाव्याचे अंश-तास काढले तर १४६.८ येतात, रेघेच्या जवळजवळ तिप्पट. ‘पोषक हवामान’ म्हणणारा इथे फवारणी सांगेल. आपला तक्ता मात्र F मध्ये तीनवर थांबतो. अंधार आणि ९५ टक्के हे दोन्ही फक्त तीन, चार, पाच या ओळींत एकत्र आले. बीजाणूच तयार नाहीत, तर ओल्या पानांत घुसणार कोण?

पण इथेच थांबू नका, कारण दोनच्या ओळीत ९४ आहे. सेन्सर एक टक्का कमी दाखवत असेल तर चार तास भरतात. मग पुढे पाहा : G पाचच्या ओळीत 1 होतो, I मध्ये १५.९ आणि ३३.५, आणि आठच्या ओळीत फक्त १५ मिनिटे ओली असल्याने बेरीज शून्यावर. म्हणजे पहिली अट काठावर असली तरी दुसरी पूर्ण झाली नाही. ही रात्र ‘काठावरची’ म्हणून वेगळ्या रंगात नोंदवा. त्या सकाळी धुके नऊपर्यंत टिकले असते तर निकाल फिरला असता, आणि बागाईतदाराला तसे स्पष्ट सांगता येते : ‘दादा, धुके नऊच्या पुढे गेले तर मला फोन करा.’

सेन्सरच्या तपासणीवर इतका भर का दिला, तेही पहिल्या रात्रीवरून पाहा. त्या रात्री सेन्सर तीन टक्के कमी दाखवत असता तर मध्यरात्रीपासूनचे ९८ चे तास ९५ झाले असते, बीजाणू उशिरा पण तयार झाले असते आणि इशारा मिळाला असता. चार टक्के कमी दाखवला असता तर रात्रीचा एकही तास ९५ पर्यंत पोचला नसता. उघड लागणीच्या रात्री तक्ता पूर्ण कोरा.

पट्टी नसेल तर

ओलाव्याचा सेन्सर नसताना तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढा आणि हवेचे तापमान दवबिंदूपासून किती वर आहे ते पाहा. फरक सुमारे २ अंशांच्या खाली गेला की पाने ओली झाली, ३.८ च्या वर गेला की वाळली, आणि मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती चालू ठेवायची, असा एक वापरात असलेला नियम आहे. दवबिंदूसाठी :

```
=243.12*(LN(C2/100)+17.62*B2/(243.12+B2))/(17.62-(LN(C2/100)+17.62*B2/(243.12+B2)))
```

पहिल्या रात्रीच्या आठच्या ओळीत दवबिंदू १९.५ येतो, फरक २.३, म्हणजे अजून ओले. नऊच्या ओळीत फरक ४.९, वाळले. पट्टीशी जुळते. पण संध्याकाळी सहाच्या ओळीत फरक २.५ येतो आणि नियम आधीची कोरडी स्थितीच चालू ठेवतो, प्रत्यक्षात सरीने ती चिंब होती. या पद्धतीला पाऊस कळत नाही, म्हणून पर्जन्यमापकाची नोंद जोडावीच लागते. याच पद्धतीने ताशी हवामान अंदाजावरून पुढच्या दोन रात्रींचा तक्ताही आगाऊ भरता येतो. मात्र तो अंदाज मोकळ्या हवेचा असतो. तुमच्या बागेतले आणि अंदाजातले काही आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवून रात्रीच्या आर्द्रतेचा फरक काढा आणि मग वापरा.

खरे-खोटे करणे

प्रबंधात सगळ्यात कमी जागा या भागाला मिळते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मिळायला हवी. बागेत डाग दिसला त्यावरून लागण कोणत्या रात्री झाली ते ठरवता येत नाही, कारण मध्ये सुप्तकाळ असतो. २० ते २५ अंशांच्या दिवसांत तो साधारण चार ते सात दिवसांचा, आणि तेवढ्यात दोन-तीन संशयित रात्री होऊन जातात.

यावर उपाय कुंड्यांतल्या रोपांचा. रोग नसलेली, कोवळी पाने असलेली थॉमसनची मुळे फुटलेली रोपे शेडमध्ये वाढवा. रोज दुपारी बाराला तीन-चार रोपे बागेत, रोगट वेलींच्या पानोऱ्याखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी बाराला उचलून शेडमध्ये आणा आणि नवीन ठेवा. शेडमध्ये पाने कोरडी राहतील असे पाणी मुळाशी द्या. प्रत्येक रोपावर एकाच रोगदिवसाची खूण राहते. बागेतल्या ज्या ओळीत ठेवता तिथल्या काही वेली मालकाच्या संमतीने बिनफवारणीच्या ठेवाव्या लागतात. तेवढी बोलणी हंगामाआधीच करा.

आठ-दहा दिवसांनी पाने तपासा. डाग संशयास्पद असेल तर पान तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या टिश्यू पेपरसोबत ठेवा, फुंकर मारून पिशवी फुगवा, तोंड बांधा आणि रात्रभर कपाटात, अंधारात ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला तेलकट डागाच्या हद्दीत शुभ्र, दाट लव आली तर डाऊनी. लव वरच्या बाजूला राखाडी, पिठासारखी असेल तर ती भुरी आहे. रसायनाने भाजलेल्या डागावर काहीच येत नाही. ही पिशवीही तक्त्यातला F रकानाच आहे : अंधार, दमटपणा, चार-सहा तास.

मग चार खाने भरा. समजा ३० रोगदिवसांपैकी ८ दिवशी रोपांवर लागण झाली. तक्त्याने त्यातले ७ पकडले, १ सुटला. उरलेल्या २२ पैकी १७ दिवशी तक्ता बरोबर गप्प राहिला, ५ दिवशी उगाच इशारा दिला. खऱ्या लागणीपैकी पकडल्या ८७.५ टक्के, आणि इशाऱ्यांपैकी खरे ठरले १२ पैकी ७. नुसती ‘अचूकता ८० टक्के’ असे लिहून सोडू नका. ३० पैकी २४ बरोबर हे खरे, पण कोरड्या नोव्हेंबरात रोज ‘लागण नाही’ म्हणणारा तक्ताही याहून मोठा आकडा दाखवेल.

सुटलेला तो एक दिवस कोणता, याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. त्या रात्रीच्या ताशी नोंदी काढून पाहा. बऱ्याचदा आर्द्रता ९३-९४ वर अडकलेली दिसते, किंवा पावसाने मध्येच घेतलेल्या विश्रांतीत पट्टी वाळली आणि दाट पानोऱ्यातली पाने वाळली नाहीत, असे निघते. पहिल्या बाबतीत सेन्सर पुन्हा मिठावर तपासा, दुसऱ्या बाबतीत पट्टीची जागा बदला. थेट ९५ ची मर्यादा ९२ वर आणण्याचा मोह टाळा. त्याने तो एक दिवस पकडला जाईल, पण उगाच इशारे किती वाढतात ते आधी त्याच ३० दिवसांवर मोजा.

इशाऱ्यापासून फवारणीपर्यंत

पोंगा अवस्थेत पाने उलगडलेली नसतात, पर्णरंध्रे कामाला लागलेली नसतात, त्यामुळे तक्ता ओरडला तरी लागणीला जागा कमी. दोन-तीन पाने उलगडल्यापासून फुलोरा आणि मणी धरण्यापर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. या काळात रोग पानावर थांबत नाही, घडावर जातो, आणि घड तपकिरी होऊन गळतो किंवा कुजतो. सुटलेल्या एका दिवसाची किंमत तेव्हा उगाच केलेल्या चार फवारण्यांपेक्षा मोठी असते. म्हणून फुलोऱ्यात काठावरच्या रात्रीही इशाऱ्यात धरा, आणि मण्यांत पाणी उतरू लागल्यावर फक्त दोन्ही रकाने पार झालेल्या रात्री. एकच मर्यादा हंगामभर चालवणारा तक्ता दोन्ही टोकांना नुकसान करतो.

औषधांच्या बाबतीत तक्ता एवढेच सांगतो की आपण लागणीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत. आगाऊ भरलेल्या तक्त्यात उद्याची रात्र पार होताना दिसत असेल तर मॅन्कोझेब किंवा तांब्यासारखी स्पर्शजन्य, संरक्षक औषधे पाने ओली होण्याआधी पडायला हवीत. लागण होऊन गेल्यावर त्यांचा त्या लागणीवर उपयोग नाही. रात्र होऊन गेली असेल तर आंतरप्रवाही औषध लागते आणि त्यासाठी हातात दिवस थोडे असतात, डाग दिसेपर्यंत थांबता येत नाही. नेमके औषध, मात्रा आणि काढणीपूर्व अवधी हे लेबल क्लेम पाहून ठरवा. निर्यातीची बाग असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी पाहूनच.

आणि इशारा दिल्यानंतर पाचव्या ते आठव्या दिवशी त्या बागेत जा. खालची पाने, बांधाकडच्या ओळी आणि सकाळचे ऊन उशिरा पोचते ते कोपरे आधी पाहा. तिथे पान उलटून पाहिल्यावर जे दिसेल, ते त्याच रात्रीच्या ओळीसमोर, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहा.